गणपतीपुळ्याच्या तीन दिवसांच्या सहलीचे कॉस्टिंग कसे करावे: पर्यटन कंपनीतील इंटर्नसाठी

पर्यटन कंपनीत इंटर्न म्हणून रुजू झाल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखाद्या छोट्या सहलीचा आराखडा हातात दिला जातो आणि “याचे कॉस्टिंग करून आण” असे सांगितले जाते. बहुतेक जण त्याच दिवशी सगळे खर्च एकाखाली एक लिहितात, बेरीज करतात, ती माणसांच्या संख्येने भागतात आणि त्यावर पंधरा-वीस टक्के चढवून कागद परत करतात. या रीतीतील बेरीज बहुधा बरोबर असते, चूक भागाकारात असते. सहलीतला प्रत्येक खर्च एकतर गाडीवर बसतो, खोलीवर बसतो किंवा माणसावर बसतो, आणि या तिन्हींचे भाजक वेगवेगळे असतात. हे एकदा नीट वेगळे केले की पुढचे काम पुष्कळ सोपे होते. ते कसे करायचे, हे पुणे ते गणपतीपुळे या दोन रात्री-तीन दिवसांच्या ग्रुप सहलीच्या उदाहरणावरून पाहू. येथे घेतलेले भाडे, खोलीचे आणि जेवणाचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष काम करताना त्या जागी व्हेंडरकडून लेखी आलेले दर घालावेत.

आधी आराखडा किलोमीटरमध्ये लिहून काढावा

विक्रीसाठी तयार केलेल्या माहितीपत्रकात “पहिला दिवस: निसर्गरम्य कोकणात आगमन” असे लिहिलेले असते. त्यावरून कॉस्टिंग होत नाही. कॉस्टिंगसाठी त्याच आराखड्याची कोरडी प्रत करावी लागते आणि तिच्यात गाडी कोठून किती वाजता निघते, किती किलोमीटर चालते, कोणते जेवण कोठे होते आणि मुक्काम कोठे आहे एवढेच लिहावे लागते.

आपल्या उदाहरणात पहिल्या दिवशी सकाळी सहा वाजता स्वारगेटहून निघून सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि निवळी फाटा या मार्गाने गणपतीपुळ्याला पोहोचायचे आहे. हे अंतर सुमारे ३३० किलोमीटर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शन, मालगुंडचे केशवसुत स्मारक आणि जयगड, तर दुपारनंतर आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरीत जाऊन टिळक जन्मस्थान आणि थिबा राजवाडा पाहून परत यायचे, यासाठी ११० किलोमीटर धरले आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला निघून वाटेत सावर्ड्याजवळच्या डेरवणची शिवसृष्टी पाहायची आणि चिपळूणला जेवून रात्री आठच्या सुमारास पुण्यात पोहोचायचे, हे वाकडी वाट धरून ३४० किलोमीटर होतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोबाइलवरील नकाशा मोटारीचा वेळ सांगतो. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर, तीन थांबे, घाट आणि ज्येष्ठ प्रवासी असा ग्रुप असेल तर त्या वेळेत किमान दीड-दोन तास मिळवावेत. वेळेची ही चूक वरवर कॉस्टिंगची वाटत नाही, परंतु गाडी उशिरा पोहोचली की एखादे जेवण वाढते, एखादे ठिकाण सुटते किंवा गाडीचा एक दिवस वाढतो, आणि हे सगळे अखेर पैशांतच उतरते.

गाडी: मोजलेले किलोमीटर आणि बिलातले किलोमीटर

महाराष्ट्रात बाहेरगावच्या भाड्यासाठी गाडी घेताना सर्वसाधारणपणे दर प्रति किलोमीटर ठरतो आणि दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय किलोमीटर स्वारगेटपासून नव्हे, तर गाडीच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजले जातात. आपली गाडी उपनगरातून येणार असे समजून जाता-येता २० असे एकूण ४० किलोमीटर मिळवू. म्हणजे प्रत्यक्ष धाव ३३० अधिक ११० अधिक ३४० अधिक ४०, अशी ८२० किलोमीटर होते. पण तीन दिवसांचे किमान ९०० होतात, म्हणून बिल ९०० किलोमीटरचे येईल.

नवखा इंटर्न येथे ८२० धरतो आणि ८० किलोमीटरचे पैसे कंपनीच्या खिशातून जातात. अनुभवी माणूस त्याच ८० किलोमीटरकडे उलट्या बाजूने पाहतो, कारण त्यांचे पैसे द्यायचेच आहेत तर ते वापरता येतात. डेरवणची वाकडी वाट या आराखड्यात गाडीभाड्याच्या दृष्टीने फुकट बसते, ती यामुळेच. आणखी एखादे जवळचे ठिकाण घालायचे असेल तर वेळ आहे का एवढेच पाहावे.

मात्र किमान ३०० किलोमीटरचा हिशेब एकूण धावेवर आहे की प्रत्येक दिवसाचा स्वतंत्र आहे, हे गाडीवाल्याला स्पष्ट विचारावे. बहुतेक जण एकूण धाव पाहतात. काही जण प्रत्येक दिवस वेगळा मोजतात आणि तसे झाले तर पहिल्या दिवसाचे ३५०, दुसऱ्या दिवसाचे ११० ऐवजी ३०० आणि तिसऱ्या दिवसाचे ३६० मिळून १,०१० किलोमीटरचे बिल येते. २६ रुपये दराने हा फरक २,८६० रुपयांचा होतो.

दिवस कसा मोजतात, हा याहून महागात पडणारा मुद्दा आहे, आणि तो मी स्वतः चुकवलेला आहे. माझ्या पहिल्याच कॉस्टिंगमध्ये प्रवाशांच्या सोयीसाठी शुक्रवारी रात्री दहा वाजता निघून शनिवारी पहाटे कोकणात पोहोचायचे ठरले होते, आणि “दोन दिवस आणि एक रात्र” असा विचार करून मी गाडीचे दोन दिवस धरले. गाडीवाल्यांचा दिवस मध्यरात्री बारापासून मध्यरात्री बारापर्यंत चालतो. शुक्रवारचे दोन तास हा त्यांच्या लेखी पूर्ण दिवस होता आणि बिलात तो किमान किलोमीटरसह आणि चालकाच्या भत्त्यासह आला. आपल्या उदाहरणात असे घडले असते तर ३०० किलोमीटरचे ७,८०० रुपये, त्यावरील ५ टक्के जीएसटीचे ३९० आणि भत्त्याचे ५०० मिळून ८,६९० रुपये जास्त लागले असते. परतीलाही हाच धोका असतो, म्हणून गाडी रात्री अकराच्या आत गॅरेजला पोहोचेल अशीच वेळ ठेवावी.

आता गाडीची बेरीज करू. ९०० किलोमीटर २६ रुपयांनी २३,४०० रुपये होतात आणि जीएसटी धरून २४,५७०. चालकाचा भत्ता रोजचे ५०० प्रमाणे १,५००. टोल आणि पार्किंगसाठी १,८०० रुपये धरले आहेत. उंब्रजला वळल्यामुळे महामार्गावर खेड-शिवापूर आणि आनेवाडी हे दोनच टोलनाके लागतात, कऱ्हाडच्या अलीकडचा तासवडे नाका लागत नाही. टोलचा दर काढताना मोटारीचा नव्हे, तर आपल्या वाहनाच्या वर्गाचा दर पाहावा. या तिन्हींची बेरीज २७,८७० रुपये होते.

मुक्काम: दर विचारण्याआधी प्लॅन विचारावा

हॉटेलचा दर नुसता “३,२०० रुपये” असा सांगितला तर त्यातून काहीच कळत नाही. केवळ खोली म्हणजे ई.पी., खोली आणि नाश्ता म्हणजे सी.पी., नाश्त्यासह एक मुख्य जेवण म्हणजे एम.ए.पी. आणि सर्व जेवणे म्हणजे ए.पी., या चार प्लॅनपैकी कोणत्या प्लॅनचा दर आहे हे आधी विचारावे लागते. दर विचारण्याचा फोन साधारण असा व्हावा:

“साहेब, सहा डबल एसी खोल्या, दोन रात्री, शुक्रवार-शनिवार. सी.पी. काय द्याल?”

“बत्तीसशे लावू तुम्हाला.”

“जीएसटी धरून की वेगळा? शनिवारलाही हाच दर ना? आणि तिसरा माणूस आला तर एक्स्ट्रा बेडचे किती?”

“जीएसटी वरून. बेडचे नऊशे, नाश्त्यासकट. शनिवारचं म्हणाल तर… बरं, हाच धरा.”

“चालकाची झोपायची सोय आणि आमच्या टूर लीडरची खोली?”

“ड्रायव्हर डॉर्मिटरीला, चारशे रुपये. लीडरला छोटी खोली देतो दोन हजारात.”

“हे सगळं मेलवर पाठवता का? आणि रद्द केलं तर किती दिवस आधीपर्यंत पैसे परत, तेही लिहा.”

यातील एकही प्रश्न अनावश्यक नाही. शनिवारचा प्रश्न विचारला नसता तर दुसऱ्या रात्रीचा दर वाढून आला असता. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी अंगारकी चतुर्थी, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि नाताळचा आठवडा यांचे दर वेगळे असतात, म्हणून दर विचारताना तारीख सांगितल्याशिवाय राहू नये. “सीझन सोडून काय रेट?” या प्रश्नाचे उत्तर कॉस्टिंगमध्ये वापरता येत नाही.

आता जीएसटीकडे येऊ, कारण नवख्यांच्या कागदात सर्वांत जास्त गोंधळ येथेच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. आपली खोली पहिल्या गटात येते, म्हणून ३,२०० अधिक १६० असे एका रात्रीचे ३,३६० रुपये होतात. बहुतेक सहल कंपन्या ग्राहकाकडून सहलीच्या पूर्ण किमतीवर ५ टक्के जीएसटी घेतात. या पद्धतीत हॉटेलला किंवा गाडीवाल्याला दिलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. याचा सरळ अर्थ असा की हॉटेलने लावलेले १६० रुपये हा आपला खर्चच आहे. “जीएसटी नंतर वळता होईल” असे समजून दर कराशिवाय लिहिला तर सहा खोल्या आणि दोन रात्रींमागे १,९२० रुपये नफ्यातून जातात. आपली कंपनी कोणत्या पद्धतीने कर भरते हे लेखापालाला एकदा विचारून शीटच्या माथ्यावर लिहून ठेवावे.

एका खोलीचे दोन रात्रींचे ६,७२० रुपये, दोघांत एक खोली धरून माणशी ३,३६०. एक्स्ट्रा बेड कर धरून एका रात्रीचा ९४५ आणि दोन रात्रींचा १,८९०. टूर लीडरची खोली कर धरून दोन रात्रींची ४,२००, आणि चालकाच्या डॉर्मिटरीचे ८००.

जेवण आणि किरकोळ खर्च

हा भाग सोपा आहे. जेवणे दिवसानुसार मोजावीत आणि नाश्ता दोनदा धरला जाणार नाही हे पाहावे. सी.पी. प्लॅनमुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचा नाश्ता खोलीच्या दरात आलेला आहे, म्हणून फक्त पहिल्या दिवशीच्या वाटेतल्या नाश्त्याचे १२० रुपये. तीन दुपारची जेवणे २५० प्रमाणे ७५०, दोन रात्रीची ३०० प्रमाणे ६००, पाच चहा मिळून १५० आणि पाण्याचे १२०. एकूण माणशी १,७४०. हे दर शाकाहारी थाळीचे आहेत. कोकणात सुरमईची थाळी मागणारे ग्रुपमध्ये हमखास असतात आणि तिची किंमत बाजारावर ठरते, म्हणून “मासे स्वखर्चाने” हे वाक्य ग्राहकाच्या कागदावर स्पष्ट असावे. प्रवेश शुल्काचे १५० आणि प्रवास विम्याचे ६० मिळवले की खोली सोडून माणशी खर्च १,९५० रुपये होतो.

अनेक उपाहारगृहे ग्रुप आणल्याबद्दल टूर लीडरला आणि चालकाला मोफत जेवण देतात. ते मिळाले तर उत्तम, परंतु कॉस्टिंगमध्ये टूर लीडरचे जेवण पूर्ण धरावे.

प्रत्येक खर्चाला त्याचा भाजक

आतापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचे आता दोन ढीग करायचे आहेत. पहिल्या ढिगात माणूस एक असो वा सोळा, जे बदलत नाही ते सर्व जाते. गाडीचे २७,८७०, टूर लीडरचे तीन दिवसांचे मानधन १,२०० प्रमाणे ३,६००, त्याची खोली ४,२००, त्याचे जेवण १,७४०, चालकाची डॉर्मिटरी ८०० आणि आकस्मिक खर्चासाठी २,००० रुपये, अशी ही बेरीज ४०,२१० होते. दुसऱ्या ढिगात माणसागणिक वाढणारा खर्च असतो, म्हणजे खोलीचे ३,३६० आणि इतर १,९५०, मिळून माणशी ५,३१०.

पहिल्या ढिगाला किती माणसांनी भागायचे, हा या संपूर्ण कामातील खरा निर्णय आहे. गाडी सतरा आसनी आहे. त्यातील एक आसन टूर लीडरचे, म्हणजे विकता येतील अशी १६. इंटर्न बहुधा १६ ने भागतो, कारण दर कमी दिसतो आणि वरिष्ठ खूश होतील असे वाटते. त्या दरावर गाडी भरली नाही की तोटा ठरलेला असतो. मी शक्यतो विकता येणाऱ्या आसनांच्या तीन-चतुर्थांश संख्येवर दर काढते. येथे ती संख्या १२ आहे. ज्या सहलीला कंपनीकडे मागच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी आहेत, तेथे माझ्या अंदाजापेक्षा त्या नोंदींतील सरासरी घ्यावी.

४०,२१० ला १२ ने भागले की ३,३५१ येतात. त्यात ५,३१० मिळवले की माणशी खर्च ८,६६१ रुपये होतो.

मार्जिन: वर चढवायचे नाही, आतून काढायचे

वरिष्ठ जेव्हा “पंधरा टक्के मार्जिन ठेव” म्हणतात, तेव्हा त्यांना जवळजवळ नेहमीच विक्री किमतीच्या पंधरा टक्के अपेक्षित असतात. खर्चाच्या पंधरा टक्के नव्हे. ८,६६१ ला १.१५ ने गुणले तर ९,९६० येतात, आणि इंटर्नला वाटते की काम झाले. पण ऑनलाइन पैसे घेताना पेमेंट गेटवेचे शुल्क जाते. ते २ टक्के आणि त्यावरचा कर असे असेल, आणि ते ग्राहकाच्या करासहित रकमेवर लागत असेल, तर मूळ किमतीच्या जवळपास अडीच टक्के होते. ९,९६० मधून असे २४९ रुपये गेले की हाती १,०५० उरतात, म्हणजे विक्रीच्या साडेदहा टक्के. पंधरा टक्के ठेवायला सांगितले होते आणि साडेदहा ठेवले, हे कागदावर कोठेच दिसत नाही, म्हणून ही चूक वर्षभर चालू राहू शकते.

योग्य रीत अशी की विक्री किमतीच्या टक्केवारीत जाणारा प्रत्येक भाग, म्हणजे मार्जिन, गेटवे आणि एजंट असेल तर त्याचे कमिशन, एकातून वजा करावा आणि उरलेल्या संख्येने खर्चाला भागावे. आपल्याकडे १५ आणि २.५ मिळून १७.५ टक्के जातात, म्हणून भाजक ०.८२५ होतो. ८,६६१ ला त्याने भागले की १०,४९८ येतात, आणि ते शंभराच्या पटीत वर नेले की विक्री किंमत १०,५०० रुपये ठरते. एक्सेलमध्ये, माणशी खर्च E12 या चौकटीत असेल तर, हे असे लिहावे:

```
=ROUNDUP(E12/(1-0.15-0.025),-2)
```

यावर ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी ५२५ रुपये, म्हणजे ग्राहक ११,०२५ देतो. हे ५२५ सरकारचे आहेत, मार्जिनच्या हिशेबात ते कोठेही येऊ देऊ नयेत.

कमी माणसे आली तर

दर १०,५०० ठरल्यावर तो कायम ठेवून उलटा हिशेब करावा. गेटवेचे अडीच टक्के गेल्यावर माणशी १०,२३७ रुपये ५० पैसे येतात, त्यातून माणसागणिक खर्च ५,३१० वजा केला की पहिल्या ढिगाला भरण्यासाठी प्रत्येक माणूस ४,९२७ रुपये ५० पैसे देतो. यावरून पुढील आकडे निघतात.

| प्रवासी | माणशी खर्च (रु.) | १०,५०० दराने शिल्लक (रु.) |
|---|---|---|
| ८ | १०,३३६ | ७९० तोटा |
| १० | ९,३३१ | ९,०६५ |
| १२ | ८,६६१ | १८,९२० |
| १४ | ८,१८२ | २८,७७५ |
| १६ | ७,८२३ | ३८,६३० |

आठ माणसांवर तोटा आहे, तर नऊ माणसांवर हिशेबाने ४,१३७ रुपये उरतात. म्हणून “नऊ जण आले की सहल निघेल” असे कोणी म्हणेल. येथे दुसरा भाजक, म्हणजे खोली, मध्ये येतो. माणशी ३,३६० हा दर दोघांत एक खोली धरून काढलेला आहे. नऊपैकी नववा माणूस एकटा असेल आणि त्याच्याकडून जास्त पैसे घेतले नसतील, तर पाचव्या खोलीचा अर्धा भाग, म्हणजे ३,३६० रुपये, कंपनीवर पडतो आणि शिल्लक ७७७ रुपये राहते. तोच नववा माणूस एखाद्या कुटुंबातील तिसरा म्हणून एक्स्ट्रा बेडवर झोपला, तर खर्च ३,३६० ऐवजी १,८९० होतो आणि शिल्लक ५,६०७ वर जाते. प्रवासी दोन्हीकडे नऊच आहेत. म्हणून शीटमध्ये प्रवाशांच्या संख्येशेजारी खोल्यांची वाटणी नेहमी लिहावी, आणि खोल्यांची संख्या भागाकाराने अपूर्णांकात न ठेवता वरच्या पूर्णांकात घ्यावी:

```
=ROUNDUP(B2/2,0)
```

येथे B2 मध्ये प्रवाशांची संख्या आहे.

यातूनच एकट्या प्रवाशाचे जादा शुल्क ठरते. जास्तीचा खर्च ३,३६० आहे, त्याला ०.८२५ ने भागले की ४,०७३ येतात, म्हणून ४,१०० रुपये लावावेत. एक्स्ट्रा बेडवरच्या तिसऱ्या माणसामागे १,४७० रुपयांची बचत होते, म्हणून त्याला १,५०० रुपयांची सवलत देऊन ९,००० रुपये दर ठेवता येतो. लहान मुलाचा दर काढताना मूल बेड वापरत नसले तरी गाडीत आसन अडवते का, हे आधी पाहावे. आसन अडवत असेल तर त्याला गाडीचा वाटा पूर्ण लागतो. “मुलांना निम्मे तिकीट” ही सवय एसटीच्या हिशेबाची आहे, ती येथे आणू नये.

सहल काढायची की रद्द करायची, याचा निर्णय हॉटेलच्या मुदतीशी बांधलेला असतो. हॉटेल पंधरा दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत देत असेल, तर आपला निर्णयाचा दिवस सोळावा. त्या दिवशी सहाच नावे असतील तर टूर लीडर न पाठवता सात आसनी मोटारीने तीच सहल करता येते का, याचे दुसरे शीट आधीच तयार असावे. गाडी लहान झाली की किलोमीटरचा दर उतरतो आणि टूर लीडरचे साडेनऊ हजार रुपयेही वाचतात, त्यामुळे रद्द करण्याजोगी वाटणारी सहल पुष्कळदा तरते. मात्र माहितीपत्रकात “सोबत टूर लीडर” असे छापलेले असेल तर ग्राहकाला विचारूनच हा बदल करावा.

दर पाठवण्यापूर्वी आणि सहल परतल्यावर

ग्राहकाला जाणाऱ्या कागदावर दराची मुदत लिहावी. डिझेल आणि खोलीचे दर बदलतात, आणि मार्चमध्ये दिलेल्या दरावर मे महिन्यात पैसे भरायला येणारे ग्राहक असतात. पावसाळ्यात कुंभार्ली घाट दरड कोसळून बंद झाला तर आंबा घाटाने वळावे लागते आणि किलोमीटर वाढतात. आपल्याकडे आधीच पैसे दिलेले ८० किलोमीटर आहेत, पण तेवढे पुरतीलच असे नाही. म्हणून जून ते सप्टेंबर या काळातील सहलींना मी आकस्मिक खर्च २,००० ऐवजी ४,००० धरते.

गाडी निघताना टूर लीडरने ओडोमीटरचा फोटो काढावा आणि परत आल्यावर पुन्हा काढावा. गॅरेजपासूनचे किलोमीटर मात्र त्याला दिसत नाहीत, म्हणून चालकाने आणलेल्या ड्यूटी स्लिपवरील सुरुवातीचा आकडा आणि बसण्याच्या ठिकाणचा आकडा यांत २० पेक्षा बराच फरक असेल तर बिल मंजूर करण्याआधी विचारावे. सगळी बिले आल्यावर शीटमध्ये प्रत्येक ओळीसमोर “प्रत्यक्ष” असा नवा रकाना करून खरे आकडे भरावेत. माझ्या अनुभवात गाडी आणि खोल्या यांचे आकडे फारसे हलत नाहीत. फरक येतो तो पाणी, चहा, पार्किंग आणि न ठरलेल्या थांब्यांवर, आणि पुढच्या सहलीचे आकस्मिक खर्चाचे दोन हजार पुरतील की नाही, हे त्या चार ओळी पाहूनच ठरवावे.